खर्डा छाटायचा कसा? मोडनिंबच्या छोट्या रेल्वेवरची दहा वाक्यं

या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘हां’ काढलेत, बाकी जवळपास ऐकलंत तसंच आहे.

आजचा विषय आहे कच्चा खर्डा. आपण पहिल्यांदा काहीही लिहितो, मग ती पॉडकास्टची स्क्रिप्ट असो, ब्लॉग असो किंवा नोकरीसाठीचा मेल, तेव्हा त्यात तीन प्रकारचा कचरा असतो. एक म्हणजे पुनरुक्ती, तीच गोष्ट दोनदा-तीनदा सांगणं. दुसरा म्हणजे मोघम विधानं, जी ऐकायला छान वाटतात पण हातात काही देत नाहीत. तिसरे भरतीचे शब्द, जे काढले तरी अर्थाला काही होत नाही.

हे तीन कचरे कोणत्या क्रमाने काढायचे, याला महत्त्व आहे. बहुतेक जण सुरुवात भरतीच्या शब्दांपासून करतात, कारण ते डोळ्यांना लगेच दिसतात. पण जे वाक्य शेवटी उडणारच आहे, त्यातला ‘खरं तर’ काढत बसण्यात काय अर्थ? म्हणून आधी पुनरुक्ती, मग मोघम विधानं आणि सगळ्यात शेवटी भरतीचे शब्द.

आता एक खराखुरा खर्डा घेऊ. विषय आपल्या मोडनिंबचा, इथून पूर्वी धावणाऱ्या छोट्या रेल्वेचा. मी पहिला खर्डा फोनमध्ये बोलून उतरवतो, त्यामुळे बोलण्यातल्या सगळ्या सवयी त्यात जशाच्या तशा येतात. हा बघा:

> नमस्कार मित्रांनो, तर आज आपण एका अत्यंत महत्त्वाच्या आणि इंटरेस्टिंग अशा विषयावर बोलणार आहोत. आपल्या सर्वांना माहीतच आहे की मोडनिंब हे सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातील एक महत्त्वाचं गाव आहे. खरं तर मोडनिंबला खूप मोठा ऐतिहासिक वारसा लाभलेला आहे असं म्हटलं तर वावगं ठरणार नाही. फार पूर्वीच्या काळी इथून एक छोटी रेल्वे, म्हणजे नॅरोगेज रेल्वे धावायची, जिला बार्शी लाइट रेल्वे असं म्हटलं जायचं. ही रेल्वे म्हणजे एक प्रकारे या भागाची जीवनवाहिनीच होती. या रेल्वेमुळे परिसराचा सर्वांगीण विकास झाला आणि इथल्या प्रगतीमध्ये तिने अत्यंत महत्त्वपूर्ण भूमिका बजावली. असंख्य वारकरी या रेल्वेने पंढरपूरला जायचे. मुळात त्या काळी दळणवळणाची साधनं फारशी नव्हती, त्यामुळे वारकऱ्यांच्या प्रवासाच्या दृष्टीने ही रेल्वे खूप उपयोगी पडायची. पुढे काळाच्या ओघात ही रेल्वे बंद पडली आणि तिचं ब्रॉडगेजमध्ये रूपांतर करण्याचं काम करण्यात आलं. आज मात्र अनेकांना हा इतिहास माहीत नाही.

दहा वाक्यं, १२९ शब्द. व्याकरण ठीक आहे, कानाला गुळगुळीत लागतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात म्हटलं तर टाळ्याही पडतील. पण ऐकणाऱ्याला नवीन काय कळलं? एका रेल्वेचं नाव. बस.

पहिली फेरी: पुनरुक्ती

इथे एक साधी युक्ती आहे. प्रत्येक वाक्यापुढे दोन-तीन शब्दांत लिहायचं, की हे वाक्य काय सांगतं. वाक्य कसं आहे ते नाही, काय सांगतं ते. आपल्या खर्ड्याची यादी अशी होते:

१. विषय महत्त्वाचा आहे
२. गाव कुठे आहे, आणि महत्त्वाचं आहे
३. गावाला इतिहास आहे
४. रेल्वे कोणती होती
५. रेल्वे महत्त्वाची होती
६. रेल्वे महत्त्वाची होती
७. वारकरी तिने जायचे
८. वारकऱ्यांना ती उपयोगी होती
९. पुढे काय झालं
१०. गावाला इतिहास आहे, पण लोकांना माहीत नाही

आता पाचवं आणि सहावं बघा. ‘जीवनवाहिनी’, ‘सर्वांगीण विकास’ आणि ‘महत्त्वपूर्ण भूमिका’ हे तीन वेगळे शब्दप्रयोग आहेत, पण यादीत त्यांच्यापुढे एकच गोष्ट येते. मराठीत ही अडचण जास्त जाणवते, कारण मोठेपणा सांगायला आपल्याकडे तयार शब्दांची रेलचेल आहे. शब्द बदलला की आपल्याला वाटतं मुद्दा पुढे गेला. यादी केली की कळतं, मुद्दा जागचा हललेला नाही.

सातवं आणि आठवं वाक्यही एकच आहे. तिसरं आणि दहावंही जवळपास एकच. पहिलं तर विषय सुरू व्हायच्या आधीच त्याचं कौतुक करतंय. म्हणजे दहा वाक्यांत खरे मुद्दे चारच: गाव, रेल्वे कोणती, वारकरी आणि पुढे काय झालं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या खर्ड्यात ‘रेल्वे’ हा शब्द आठ वेळा आलाय, आणि त्याचा मला फारसा त्रास नाही. शब्द परत येणं वेगळं आणि मुद्दा परत येणं वेगळं. शाळेत आपल्याला शिकवतात की तोच शब्द परत वापरू नका, म्हणून मग लोक रेल्वेला एकदा ‘आगगाडी’, एकदा ‘लोहमार्ग’, एकदा ‘ही जीवनवाहिनी’ म्हणत राहतात. कानाने ऐकणाऱ्याचा त्यात गोंधळ होतो. तो बाइकवर आहे किंवा भांडी घासतोय, मागे जाऊन वाचू शकत नाही. त्याला ‘रेल्वे’ म्हटलंत तर पुढेही ‘रेल्वे’च म्हणा. छाटायचा तो मुद्दा.

दुसरी फेरी: मोघम विधानं

ही फेरी सगळ्यात जास्त वेळ घेते, कारण यात फक्त खोडून भागत नाही.

मोघम विधान ओळखायला मी एक कसोटी लावतो: गावाचं नाव बदलून बघायचं. ‘टेंभुर्णीला खूप मोठा ऐतिहासिक वारसा लाभलेला आहे.’ चाललं. ‘मोहोळला खूप मोठा ऐतिहासिक वारसा लाभलेला आहे.’ हेही चाललं. महाराष्ट्रातलं कुठलंही गाव टाका, वाक्य तसंच उभं राहतं. मग ते मोडनिंबबद्दल काहीच सांगत नाही. याउलट ‘मोडनिंबवरून बार्शी लाइट रेल्वे जायची’ यात गाव बदललं की वाक्य बहुतेक वेळा खोटं पडतं. जे वाक्य खोटं पडू शकतं, तेच काहीतरी सांगत असतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तिथे हे रोज दिसतं. कुणी तक्रार टाकतं, ‘ॲप नीट चालत नाही.’ हे जगातल्या प्रत्येक ॲपबद्दल खरं आहे, त्यामुळे दुरुस्त काय करायचं तेच कळत नाही. ‘नेट गेल्यावर पैसे भरण्याचं बटण दोनदा दाबलं, तर पैसे दोनदा कापले जातात’ असं लिहिलं, की अर्धं काम झालं.

मोघम विधान सापडलं की तीनच वाटा असतात. पहिली, त्यात ठोस माहिती भरा. दुसरी, विधान लहान करा, म्हणजे तुम्ही ज्याची खात्री देऊ शकता तेवढंच म्हणा. तिसरी, काढून टाका. आता आपल्या खर्ड्यातली एकेक जागा घेऊ.

‘फार पूर्वीच्या काळी.’ किती पूर्वी? शिवाजी महाराजांच्या काळात की आजोबांच्या? इथे माहिती भरता येते. बार्शी लाइट रेल्वेचा पहिला टप्पा, कुर्डुवाडी ते बार्शी, १८९७ साली सुरू झाला, आणि १९०६ साली तीच रेल्वे पंढरपूरपर्यंत पोचली. मोडनिंब या कुर्डुवाडी-पंढरपूर टप्प्यावर येतं. म्हणून आपल्याला १९०६ हवं, आणि सुरुवात कळावी म्हणून १८९७.

‘छोटी रेल्वे.’ किती छोटी? दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आजच्या ब्रॉडगेजमध्ये हेच अंतर १,६७६ मिलिमीटर असतं, दुपटीहून जास्त. लेखात दोन्ही आकडे ठेवता येतील. पण ऐकणाऱ्यासाठी ‘अडीच फूट’ पुरे, कारण ते त्याला हाताने दाखवता येतं.

‘सर्वांगीण विकास.’ सर्वांगीण म्हणजे कोणकोणती अंगं? शेतीमाल, शाळा, व्यापार? हे सिद्ध करायला वेगळा अभ्यास लागेल आणि आपला विषय तो नाही. काढून टाकलं.

‘असंख्य वारकरी.’ ही जागा फसवी आहे. इथे मोह होतो की ‘असंख्य’च्या जागी ‘रोज हजारो’ टाकावं. ऐकायला ठोस वाटतं, पण ती मोघम गोष्टीला आकड्याचा सदरा घातल्यासारखं आहे. अंदाजाने टाकलेला आकडा मोघम शब्दापेक्षा वाईट, कारण पुढचा माणूस तो खरा समजून उचलतो. मग काय करायचं? किती वारकरी हे सोडा, ते कसे जायचे ते सांगा. पुण्याकडून किंवा सोलापूरकडून येणारी मुख्य मार्गावरची गाडी रुंद रुळांची. पंढरपूरकडे जाणारी गाडी अरुंद रुळांची. एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर चालूच शकत नाही. म्हणून माणसाला कुर्डुवाडीला उतरून गाडी बदलावी लागायची. हे कळलं की रेल्वे का उपयोगी होती तेही कळतं आणि तिची अडचण काय होती तेही. ‘जीवनवाहिनी’ म्हणायची गरजच उरत नाही.

आता नववं वाक्य, सगळ्यात धोक्याचं. ‘काळाच्या ओघात ही रेल्वे बंद पडली आणि तिचं ब्रॉडगेजमध्ये रूपांतर करण्याचं काम करण्यात आलं.’ हळू वाचा. एकाच वाक्यात दोन उलट गोष्टी आहेत. बंद पडली, की तिचं रूपांतर झालं? दोन्हींतलं बरोबर आहे ते रूपांतर. मोडनिंबला आजही स्टेशन आहे. बंद झाली ती नॅरोगेजची गाडी, मार्ग नाही. ‘काळाच्या ओघात’ आणि ‘करण्यात आलं’ या गुळगुळीत शब्दांखाली ही विसंगती झाकली गेली होती. वाक्य असंच प्रसिद्ध झालं असतं, तर उद्या कुणी आपल्याच गावाबद्दल लिहिताना ‘मोडनिंबची रेल्वे बंद पडली’ असं उतरवून घेतलं असतं.

म्हणून मी म्हणतो, छाटणी ही शोभेची गोष्ट नाही. गुळगुळीत शब्द बऱ्याचदा नेमके तिथेच येतात, जिथे आपण नक्की काय म्हणायचंय ते ठरवलेलं नसतं. शब्द काढले की खालची जागा उघडी पडते.

दहावं वाक्य, ‘अनेकांना हा इतिहास माहीत नाही.’ अनेकांना म्हणजे कुणाला, विचारलं कुणाला? काढलं.

तिसरी फेरी: भरतीचे शब्द

आता राहिलेल्या वाक्यांत भरतीचे शब्द शोधायचे. मराठीत ते ढोबळमानाने तीन ठिकाणांहून येतात.

काही तोंडातून येतात: खरं तर, मुळात, म्हणजे, एक प्रकारे. बोलताना पुढचं वाक्य जुळवायला आपण यांचा आधार घेतो. काही व्यासपीठावरून येतात: ‘आपल्या सर्वांना माहीतच आहे’, ‘असं म्हटलं तर वावगं ठरणार नाही’, ‘हे विसरून चालणार नाही’. यांतला पहिला तर उलटच काम करतो. सर्वांना माहीत असेल तर सांगताय कशाला, आणि नसेल तर ऐकणाऱ्याला उगाच अडाणी का ठरवताय? आणि काही सरकारी पत्रांतून येतात: ‘च्या दृष्टीने’, ‘च्या माध्यमातून’, ‘करण्यात आलं’. ‘रूपांतर करण्याचं काम करण्यात आलं’ यात ‘कर’ दोनदा आहे आणि करणारा एकदाही नाही. ‘रूळ रुंद झाले’ म्हटलं की तीन शब्दांत काम होतं.

शोधायचे कसे? फोनवर गूगल डॉक्समध्ये तीन टिंबांच्या मेनूत `Find and replace` आहे. तिथे एकेक शब्द टाका आणि प्रत्येक जागा बघत जा. मराठीत एक गोम आहे: ‘खरं तर’, ‘खरंतर’ आणि ‘खरे तर’ असं तिन्ही प्रकारे लिहिलं जातं, आणि बोलून टाइप केलं की फोन यांतलं कुठलंही उमटवतो. त्यामुळे तिन्ही वेगवेगळे शोधा. आणि एका झटक्यात सगळे बदलून टाकू नका.

का नाही? कारण तोच शब्द एका जागी भरतीचा असतो आणि दुसऱ्या जागी कामाचा. ‘खरं तर मोडनिंबला मोठा वारसा आहे’ यात तो रिकामा आहे, कारण आधी कुणी काही वेगळं म्हटलेलंच नाही. पण ‘रेल्वे बंद पडली असं आपण म्हणतो. खरं तर रूळ रुंद झाले’ यात तो समज आणि वस्तुस्थिती यांच्यामधला सांधा आहे. तो काढला तर दोन वाक्यं एकमेकांवर आदळतात. तसंच ‘च’ आणि ‘ही’ यांचं. ‘जीवनवाहिनीच होती’ यातला ‘च’ नुसता जोर. ‘चालूच शकत नव्हते’ यातला ‘च’ अशक्यपणा सांगतो. कसोटी एकच: शब्द काढा, मोठ्याने वाचा. अर्थ बदलला तर परत ठेवा.

तीन फेऱ्यांनंतर आपल्या हातात हे उरतं:

> मोडनिंबवरून पूर्वी एक छोटी गाडी पंढरपूरला जायची. तिच्या दोन रुळांमधलं अंतर होतं अडीच फूट. ही बार्शी लाइट रेल्वे. १८९७ साली ती कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि १९०६ साली पंढरपूरपर्यंत पोचली. पुण्याकडून किंवा सोलापूरकडून रेल्वेने येणारा वारकरी मोठ्या गाडीतून कुर्डुवाडीला उतरायचा आणि या छोट्या गाडीत बसायचा, कारण मोठ्या गाडीचे डबे अडीच फुटांच्या रुळांवर चालूच शकत नव्हते. ही गाडी बंद पडली असं आपण म्हणतो. खरं तर मार्ग बंद पडला नाही, रूळ रुंद झाले. दोन्ही मार्गांचे रूळ आता सारखेच असल्यामुळे मोठ्या गाडीचे डबे कुर्डुवाडीहून मोडनिंबवरून थेट पंढरपूरला जाऊ शकतात.

८७ शब्द. एक तृतीयांश कमी झाले. पण खरा फरक शब्दसंख्येत नाही. निम्म्याहून जास्त मजकूर नवीन आहे, आणि तो आला ते मोघम शब्दांनी अडवलेली जागा मोकळी झाल्यावर. ‘माढा तालुका’ गेला, कारण हा भाग ऐकणाऱ्याला तो इथे लागत नाही. राज्याबाहेरच्या श्रोत्यासाठी लिहिलं असतं तर जिल्हा तरी ठेवला असता.

कुठे थांबायचं

छाटणीचे दोन अपघात नेहमी होतात.

पहिला म्हणजे अति छाटणी. ‘मोडनिंब. नॅरोगेज. १९०६. आता ब्रॉडगेज.’ यात एकही भरतीचा शब्द नाही, आणि अर्थही नाही. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘पण’, ‘आणि’ हे शब्द लहान असले तरी भरतीचे नाहीत. वाक्यांचं एकमेकांशी नातं तेच सांगतात. वरच्या परिच्छेदातला ‘कारण’ काढून बघा. वारकरी गाडी का बदलायचा तेच कळणार नाही. मोठ्याने वाचताना प्रत्येक वाक्यानंतर धाप लागल्यासारखं थांबावं लागत असेल, तर सांधे कापले गेलेत असं समजा.

दुसरा अपघात याच्या उलट. मोघम काढून ठोस भरायची चटक लागते आणि मग सापडेल ते सगळं भरलं जातं. या रेल्वेबद्दल अजून बऱ्याच खऱ्या गोष्टी आहेत. ती उभारणाऱ्या इंग्रज इंजिनिअरचं नाव एव्हरार्ड कॅलथ्रॉप. कुर्डुवाडी स्टेशनला तेव्हा बार्शी रोड म्हणायचे. १९२७ साली ही रेल्वे मिरजेपर्यंत पोचली आणि १९५४ साली सरकारने ती विकत घेतली. सगळं खरं, सगळं ठोस. तरी मी यातलं काहीच त्या परिच्छेदात ठेवलं नाही, कारण तिथला प्रश्न एवढाच आहे: मोडनिंबवरून जाणारी गाडी छोटी असल्यामुळे वारकऱ्याच्या प्रवासात काय फरक पडायचा, आणि आता काय बदललं? कॅलथ्रॉपसाठी वेगळा भाग करता येईल. त्या भागात तो पहिल्या वाक्यात येईल.

म्हणजे यादीची युक्ती शेवटी परत एकदा करायची. प्रत्येक वाक्यापुढे ते काय सांगतं ते लिहा, आणि बघा की सगळी उत्तरं एकाच प्रश्नाची आहेत का. ज्याचं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं आहे, ते वाक्य कितीही चांगलं असलं तरी दुसऱ्या फाइलमध्ये ठेवा. मी अशी फाइल ठेवतो, तिचं नाव ‘उरलेलं’. सध्या तिच्यात पहिल्याच ओळीला कॅलथ्रॉपसाहेब बसलेत.

चला, भेटू पुढच्या भागात.